मनू, आधी हे वाच मग डबा खा

मनू बाळा,

डबा उघडलास म्हणजे मधली सुट्टी झाली, म्हणजे आजचा निम्मा दिवस गेला पण बघ. सोमवारी गेटवर माझी ओढणी सोडत नव्हतीस, आणि आज गुरुवार आला सुद्धा.

चिठ्ठी छोटीच लिहिणार होतो, किराणाच्या बिलामागं मावेल तेवढीच, पण काल झोपताना तू जे सांगितलंस ते डोक्यातनं जाईना म्हणून पहाटेच उठून बसलो. हो, बसलो!! वर्गातल्या पोरी हसल्या ना तू "मी आलो" म्हणालीस म्हणून, आणि कोणतरी विचारलं तू मुलगा आहेस का. अगं कोल्हापुरात आपण बायका-पोरी असंच बोलतो की, आजी "मी जेवलो" म्हणते, आत्या "मी दमलो बाई" म्हणते, म्हणून आत्याला कुणी दादा म्हणतंय का? पुण्यातल्या पोरींनी हे कधी ऐकलेलंच नाही, हसू येणारच. तुला नाही का समोरच्या काकू साध्या चपातीला पोळी म्हणाल्या तेव्हा हसू आलं, पुरण नाही तर कसली पोळी म्हणून? तसंच ते.

मला पण नवीन ऑफिसात परवा तेच झालं, "मी डबा खाऊन आलो" म्हटलं तर दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मी पांढऱ्या रश्श्याचा विषय काढला, आता दोघी रविवारी घरी येणार म्हणतात (पप्पांना अजून सांगितलं नाही, तू पण सांगू नकोस).

फक्त वहीत लिहिताना "मी आले" लिही, तिथं बाई मार्क कापतील. बोलताना तोंडात येईल ते बोल.

आता डब्याचं. वरच्या कप्प्यात बटाट्याची भाजी, तिखट कमी घातलंय. खाली चार चपात्या आहेत, चुकून नाही, मुद्दाम. छोट्या डबीत आजीनं पाठवलेली काकवी आहे आणि तिचं झाकण मी जरा जास्तच घट्ट लावलंय, तुला एकटीला निघायचं नाही. शेजारी ती लाल बाटलीवाली बसते ना, जी हसली नव्हती म्हणालीस, तिला म्हण जरा धरतेस का. निघालं की तिला पण दे. काकवी म्हणजे काय विचारेल तर सांग, गूळ व्हायच्या आधीचा ऊस, म्हणजे रस आटवून आटवून घट्ट केलेला, तुला माहितीये सगळं, गुऱ्हाळात बसून किती चाटलीयस.

बाथरूमला जायचं असेल तर आत्ताच जा, तास चालू झाल्यावर पोटात गोळा येईपर्यंत बसू नकोस कालच्यासारखी.

साडेपाचला गेटच्या डाव्या बाजूला, पप्पांची मोठी काळी छत्री. पाऊस असला तरी नसला तरी उघडून उभी राहतो, म्हणजे लांबनं दिसेन.

हात चिकट असतील, चिठ्ठी वहीत ठेवू नकोस.

तुझी आई

ता. क. तिला विचार, चपाती खाणार का पोळी. काय म्हणते ते मला सांग.