शबानाला पत्र

लातूर
12 जून 2025

प्रिय शबाना,

परवा फोनवर "ठरलं का?" असं विचारलंस आणि मी भलतंच काहीतरी बोलत बसले. शेजारी सासूबाई होत्या. म्हणून लिहितेय.

दोन्ही कागद देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलेत. एक सरकारी आदेश: अधिपरिचारिका, किनवटकडचं 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय, 30 दिवसांत रुजू व्हायचं. दुसरं आमच्याच हॉस्पिटलचं पत्र: आयसीयू इनचार्ज, महिना 34,000. दोन वर्षांचा नवा बाँड, ओरिजिनल सर्टिफिकेटं तशीच त्यांच्या ऑफिसात.

पैशांचं म्हणशील तर सरकारात मूळ वेतनच 35,400, वर महागाई भत्ता. जुनी पेन्शन आपल्याला नाहीच, एनपीएस कापतील. तरी हिशेबात सरकारीच वरचढ. ह्यांनी तो एका मिनिटात केला आणि म्हणाले, "जा तू, ओवीला मी बघतो." पण ओवी पाच वर्षांची आहे गं, शाळा आताच सुरू होतेय. ह्यांची दालमिलची नोकरी सुटणार नाही. लातूरहून नांदेड आणि तिथून पुढं पुन्हा जवळपास तेवढंच. रोजचं येणं-जाणं शक्य नाही.

इथलं सोडवत नाही तेही खरं. सहा वर्षांत व्हेंटिलेटर हाताखालचा झाला, एबीजीचा कागद बघून डॉक्टर यायच्या आधी मला अंदाज येतो. हे शिकवलं याच हॉस्पिटलनं. मशीन बिघडलं तर तासाभरात माणूस येतो. तिकडं हे हात गंजतील अशी भीती वाटते.

पण एक सांगते. मार्चमध्ये फवारणीचं औषध पिलेला औसा तालुक्यातला एक पोरगा आला होता, विशीतला. तीन रात्री अ‍ॅट्रोपीन चालू, बाहुल्या बघ, छाती ऐक, डोस वाढव, कमी कर. चौथ्या दिवशी तो डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागला. बाहेर आले तर त्याचा बाप लिफ्टजवळ उकिडवा बसलेला. म्हणाला, "सिस्टर, आजून किती दिवस ठिवायलेत?" पोरगा वाचला का, हे त्यानं आधी विचारलं नाही. मी म्हणाले, "बिलिंगला विचारा." संध्याकाळी ते सही करून त्याला घेऊन गेले. पुढं काय झालं मला माहीत नाही. ते दोन शब्द माझ्या तोंडातून इतके सहज कसे निघाले, हेच मला टोचतंय. इनचार्ज झाले की डिपॉझिट भरा म्हणून नातेवाइकांसमोर रोज मलाच उभं राहावं लागेल.

मागच्या रविवारी कुणाला न सांगता रुग्णालय बघून आले. नांदेडहून आदिलाबादची गाडी धरली. भोकर सोडलं की झाडी सुरू होते. लेबर रूम स्वच्छ होती. तिथं एकच सिस्टर ड्यूटीवर, दोन बायका कळा देतायत, वॉर्डही तिच्याकडंच. एक बाई गोंडी बोलणारी, तिचं मावशी समजावून सांगत होत्या. केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. ऑगस्ट 2023 पासून सगळं मोफत झालंय, हे मला माहीत होतं, पण डोळ्यांनी बघितलं तेव्हा छाती हलकी झाली. सिस्टर म्हणाली, "रात्री एमओ क्वार्टरवर असतात, बोलावलं की येतात. तोवर आपणच." हे ऐकून मात्र माझे हात गार पडले.

कारण, शबाना, मी सहा वर्षांत एकही डिलिव्हरी केलेली नाही. बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन 10 युनिट, झटका आलेल्या बाईला मॅग्सल्फ दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम आणि मग रेफर, हे तोंडपाठ आहे. पण रक्त थांबेना झालं तर माझे हात वेळेवर चालतील का? अंबाजोगाईला ट्रेनिंगमध्ये तू शेजारी असायचीस, तेव्हा भीती वाटायची नाही.

मी जायचं ठरवलंय. आधी एकटी जाईन, दिवाळीनंतर ओवीला घेऊन जाईन. तोवर तिला सासूबाई सांभाळतील. त्यांना अजून सांगायचंय, ते या आठवड्यात सांगते. राजीनामा सोमवारी देणार. सर्टिफिकेटं परत द्यायला ते किती खेटे घालायला लावतील, ते बघू.

तुझ्याकडून एकच हवंय. तुझ्या इनचार्ज सिस्टरांना विचार, 20 तारखेनंतर परभणीला येऊन दोन नाइट तुझ्याबरोबर लेबर रूममध्ये उभी राहू शकते का. हात लावू दिला नाही तरी चालेल, नुसतं बघेन. आणि तुझी ती निळी वही, ज्यात रेफर करताना काय काय लिहायचं ते सगळं होतं, ती अजून असेल तर काढून ठेव. अम्मीला सलाम सांग.

तुझी,
सुरेखा