भरतीचा साप्ताहिक आढावा: १ ते ६ जून २०२६, कोणत्या टप्प्यावर किती उमेदवार गळाले

प्रति: भरती प्रमुख, तिन्ही विभागप्रमुख, वित्त विभाग
सुरू असलेल्या जागा: ग्राहक सेवा प्रतिनिधी १०, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह २, सॉफ्टवेअर टेस्टर ३

नमस्कार,

या आठवड्यापासून तक्त्यात एक बदल केला आहे. आतापर्यंत आपण ‘बाद’ असा एकच रकाना ठेवत होतो. त्यात आपण नाकारलेले आणि आपल्याला कंटाळून निघून गेलेले असे दोन्ही लोक एकत्र पडायचे. आता त्यांचे दोन रकाने केले आहेत: आपण गाळलेले आणि स्वतःहून गळालेले. गाळणं हे आपलं कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गळणाऱ्यांचं मात्र काहीतरी करावं लागेल.

| टप्पा | आले | पुढे गेले | आपण गाळले | स्वतः गळाले | निर्णय बाकी |
|---|---|---|---|---|---|
| ऑनलाइन अर्ज (उघडला ते पूर्ण केला) | १,१४० | ४१२ | – | ७२८ | – |
| छाननी | ४४३ | १४१ | २४८ | – | ५४ |
| फोनवरची पहिली बोलणी | १३४ | ५८ | २० | ५६ | – |
| चाचणी | ५२ | २७ | १४ | ११ | – |
| पहिली मुलाखत | ३० | १७ | ९ | ४ | – |
| दुसरी मुलाखत | १९ | ७ | ४ | – | ८ |
| ऑफर | ९ | ५ | – | ४ | – |
| रुजू होणं | ६ | ४ | – | २ | – |

तक्ता वाचताना एक लक्षात ठेवा. प्रत्येक ओळीत त्या टप्प्यावर या आठवड्यात ज्यांचा निकाल लागायचा होता ते लोक आहेत, त्यामुळे वरच्या ओळीतला ‘पुढे गेले’चा आकडा खालच्या ओळीत जसाच्या तसा सापडणार नाही. छाननीतले ४४३ म्हणजे नवे ४१२ आणि मागच्या आठवड्याचे उरलेले ३१. गेल्या बैठकीत ‘चारशे अर्जांतून चार जण रुजू, म्हणजे एक टक्का’ असा हिशेब झाला होता, तोही याच कारणाने चुकतो. आज रुजू झालेल्यांनी अर्ज दीड-दोन महिन्यांपूर्वी केला होता. खरा हिशेब एकाच आठवड्याच्या अर्जांचा माग काढूनच लागतो. १३ एप्रिलच्या आठवड्यात ३६५ पूर्ण अर्ज आले होते. त्यातले ५ जण आजवर रुजू झाले आणि २ जण नोटीस पिरियडमध्ये आहेत. ते दोघेही आले तर प्रमाण १.९ टक्के होईल.

आणखी एक दुरुस्ती. मागच्या आढाव्यात ऑफर स्वीकारणारे ६ लिहिले होते, ते ५ हवे होते. एकाने फोनवर ‘हो, येतो’ म्हटलं होतं आणि मी ते होकारात धरलं. यापुढे सही केलेलं पत्र परत आल्याशिवाय होकार मोजणार नाही.

अर्जाचं तिसरं पान

सगळ्यात मोठी गळती इथेच आहे. पहिल्या पानावर (नाव, मोबाइल) १७२ जण थांबले, दुसऱ्यावर (शिक्षण, अनुभव) ९७, तिसऱ्यावर ४३३ आणि शेवटच्यावर २६. म्हणजे तिसऱ्या पानापर्यंत पोचलेल्या ८७१ जणांपैकी निम्मे तिथूनच परत गेले. या ४३३ पैकी ३६१ जण मोबाइलवरून अर्ज भरत होते.

कारण शोधायला शुक्रवारी मी स्वतःच्या फोनवरून अर्ज भरून पाहिला. तिसऱ्या पानावर बायोडेटा आणि मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप्स मागितल्या आहेत, चारही फाइल्स सक्तीच्या. फाइलची मर्यादा १ एमबी. स्लिपचा फोटो काढला तर तो ३ एमबीच्या पुढे जातो आणि पडद्यावर लाल अक्षरांत फक्त `Invalid file` एवढंच उमटतं. फाइल मोठी आहे की प्रकार चुकला, काही कळत नाही. फोटो लहान करायला दुसऱ्या ॲपमध्ये गेलो आणि परत आलो, तर पान रिकामं. दुसऱ्या पानावर भरलेला अनुभवही गेला. सगळं मिळून १९ मिनिटं लागली, आणि मला तर या अर्जाची खडान्‌खडा माहिती आहे. पहिल्यांदाच नोकरी शोधणाऱ्या मुलाकडे सॅलरी स्लिप असणारच नाही, आणि ग्राहक सेवेच्या जागेला आपण स्वतःच ‘फ्रेशर्स चालतील’ असं लिहिलं आहे!

एक सावधगिरी: ही यंत्रणा माणसं मोजत नाही, किती वेळा अर्ज उघडला ते मोजते. सकाळी अर्धा सोडून रात्री पुन्हा भरणारा माणूस दोनदा मोजला जातो. त्यामुळे ७२८ हा आकडा थोडा फुगलेला असणार. तरी पानापानातला फरक एवढा ठळक आहे की निष्कर्ष बदलत नाही.

सॅलरी स्लिप छाननीत कोणी उघडूनही पाहत नाही, ती लागते ऑफरच्या वेळी. अर्जातून ती काढून ऑफरच्या टप्प्यावर मागावी. वेबसाइट सांभाळणाऱ्या सहकाऱ्याशी बोललो आहे. परवानगी मिळाली तर बुधवारपर्यंत होईल.

छाननी

इथला आकडा घाबरवतो, पण घाबरण्यासारखं काही नाही. पास होण्याचं प्रमाण ३९.७ टक्क्यांवरून ३६.२ वर आलं, त्यावर ‘अर्जांचा दर्जा घसरला’ अशी चर्चा शनिवारीच कानावर आली. जागेनुसार पाहिलं तर उलट चित्र दिसतं. ग्राहक सेवेत मागच्या आठवड्यात १२० पैकी ३७ पास होते (३०.८ टक्के), या वेळी ३०१ पैकी ९८ (३२.६). अकाउंट्समध्ये ७० पैकी २९ (४१.४), आता ५० पैकी २२ (४४.०). टेस्टरमध्ये ७२ पैकी ३८ (५२.८), आता ३८ पैकी २१ (५५.३). तिन्हीकडे सुधारणा आहे आणि तरी एकूण आकडा खाली आला, कारण जाहिरातीमुळे ग्राहक सेवेचे अर्ज अडीचपट झाले आणि तिथलं पास होण्याचं प्रमाण मुळातच कमी असतं. एकूण टक्केवारीवरून कोणाला बोल लावू नये, एवढीच विनंती.

गाळलेल्या २४८ जणांत अनुभव कमी ११७, शिफ्ट किंवा ठिकाण न जमणारे ६४, तोच अर्ज पुन्हा केलेले ३९, इतर २८. ते ६४ जण टाळता आले असते. रात्रपाळीचा उल्लेख जाहिरातीत शेवटच्या ओळीत आहे, तो वर घ्यायला हवा.

फोन

१३४ जणांपैकी ४३ जणांनी तीन प्रयत्नांत एकदाही फोन उचलला नाही. शिवाय १३ जणांनी बोलून झाल्यावर ‘आता नको’ म्हटलं. आपली समजूत अशी की न उचलणाऱ्याला नोकरीत रसच नाही. कॉलच्या वेळा काढल्या तेव्हा ती समजूत टिकली नाही:

सकाळी ११ ते १: ७९ जणांना फोन, ४६ जणांशी बोलणं (५८ टक्के)
दुपारी ३ ते ५: ३१ पैकी २२ (७१ टक्के)
संध्याकाळी ६ नंतर: २४ पैकी २३

आपल्याला हवा असतो सध्या नोकरीत असलेला माणूस. तो सकाळी अकराला साहेबांसमोर बसून आपला फोन कसा उचलेल? त्यातही ज्याला पहिला फोन सकाळी गेला, त्याला उरलेले दोन्हीही सकाळीच गेले. तीन प्रयत्न म्हणायचे, प्रत्यक्षात एकच प्रयत्न तीनदा. या आठवड्यात दोघी सहकारी आलटून पालटून दुपारी १२ ते रात्री ८ अशा येतील. फोनआधी ‘अमुक वाजता बोलू का’ असा मेसेजही जाईल. ते ४३ जण तक्त्यात ‘स्वतः गळाले’मध्ये मोजले असले तरी मी त्यांना कायमचे बाद धरलेलं नाही, त्यांना संध्याकाळी पुन्हा फोन लावणार आहोत.

चाचणी आणि मुलाखती

चाचणी न देणारे ११, त्यातले ८ टेस्टरचे. टेस्टरच्या १३ जणांना लिंक गेली, ५ जणांनीच काम पाठवलं. इतर दोन जागांच्या ३९ पैकी ३६ जणांनी चाचणी दिली. फरक उघड आहे: त्यांची चाचणी ४० मिनिटांची, टेस्टरचा घरचा अभ्यास तीन तासांचा. न दिलेल्यांपैकी एकाने कळवलं की ‘इतका वेळ द्यायचा तर आधी कोणाशी तरी बोलणं व्हायला हवं.’ मला ते पटतं. टेस्टर विभागाने चाचणी तासाभराची करावी किंवा मुलाखतीनंतर ठेवावी.

पहिल्या मुलाखतीला ४ जण आले नाहीत, दर आठवड्याचा साधारण हाच आकडा आहे. दुसऱ्या मुलाखतीत ८ जण अडकले आहेत आणि हा दोष पूर्ण आपला आहे. ग्राहक सेवेच्या विभागप्रमुखांना ऑडिटमुळे वेळ मिळाला नाही. यातले दोघे तर १० दिवस थांबले आहेत. ते अजून गळालेले नाहीत, एवढंच.

ऑफर आणि रुजू

९ पैकी ४ जणांनी नकार दिला. एकाला शिफ्ट जमली नाही. उरलेल्या तिघांना शेवटच्या मुलाखतीनंतर पत्र मिळायला ११, १२ आणि १५ दिवस लागले होते. होकार देणाऱ्या पाच जणांना ३, ४, ४, ६ आणि ९. नऊ माणसांवरून नियम काढू नये हे खरं, पण मला यात योगायोग दिसत नाही.

अकाउंट्सच्या एका उमेदवाराचा प्रवास असा झाला. १८ मे रोजी शेवटची मुलाखत, १९ला विभागाचा होकार, २०ला पगाराच्या मंजुरीचा मेल, २७ला मंजुरी, २९ला पत्र. सात दिवस तो मेल पडून होता. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमचं पत्र आलं तोवर मला दुसरीकडे होकार देऊन चार दिवस झाले होते. मधे एक फोन केला असता तरी थांबले असते.”

रुजू न झालेल्या दोघांपैकी एकाने आदल्या संध्याकाळी कळवलं, त्याच्या कंपनीने पगार वाढवून त्याला ठेवून घेतलं. दुसऱ्याचा फोन बंद. दोघांचीही नोटीस दोन महिन्यांची होती आणि त्या काळात आपल्याकडून एकदाही संपर्क झाला नव्हता. आता नोटीसमध्ये असलेल्यांना दर पंधरवड्याला विभागातूनच फोन जावा, भरती टीमकडून नको. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याचा आवाज ओळखीचा झालेला बरा.

सगळ्यांत मिळून छाननीनंतर आपण ४७ जणांना गाळलं आणि ७७ जण स्वतः गेले. म्हणून जाहिरातीचं बजेट वाढवण्याचा जो प्रस्ताव आहे, तो दोन आठवडे थांबवावा असं माझं मत आहे. आणखी हजार जण आणले तरी तेही तिसऱ्या पानावरूनच परत जातील.

या आठवड्यात कोणाकडून काय हवं

भरती प्रमुख: सॅलरी स्लिप अर्जातून काढायला उद्या दुपारपर्यंत परवानगी.
ग्राहक सेवा विभागप्रमुख: मंगळवार आणि गुरुवारी दोन-दोन तास, म्हणजे ते ८ जण मोकळे होतील. स्वतः जमत नसेल तर दुसरं कोण मुलाखत घेईल ते कळवा.
वित्त विभाग: ठरलेल्या पगाराच्या चौकटीत बसणाऱ्या ऑफरला वेगळी मंजुरी लागू नये. चौकटीबाहेरच्या मेलला दोन दिवसांत उत्तर.
टेस्टर विभागप्रमुख: छोटी चाचणी शुक्रवारपर्यंत.

छाननीतले राहिलेले ५४ अर्ज आम्ही बुधवारी संपवतो. पुढचा आढावा सोमवार, १५ जून रोजी. त्यात तिसऱ्या पानाचे बदलाआधीचे आणि बदलानंतरचे आकडे शेजारीशेजारी देईन.

– भरती समन्वयक