खुर्चीच्या तक्रारीचं उत्तर: सौजन्य-तपासणी

खुर्चीच्या पाकिटात दोन स्क्रू कमी आल्याच्या ग्राहकाच्या तक्रारीला तू लिहिलेला मसुदा दोनदा वाचला. ८ मुद्द्यांपैकी ३ पूर्ण, ५ अपूर्ण. असाच पाठवू नकोस.

१. अभिवादन: पूर्ण. फक्त 'मॅडम' कशावरून ठरवलंस? ग्राहकाच्या सहीत नुसतं आद्याक्षर आणि आडनाव आहे. 'नमस्कार' आणि आडनाव पुरे.

२. संबोधन शेवटपर्यंत एकच: अपूर्ण. सुरुवातीला 'आपण', तिसऱ्या ओळीत 'तुम्ही', खाली पुन्हा 'आपण'. दोन्ही चालतात, पण एकच धर. तुझं 'तुम्ही' नेमकं स्क्रूंच्या वाक्यात आलंय, त्यामुळे तिथेच आवाज चढल्यासारखा वाटतो.

३. निखळ दिलगिरी: अपूर्ण. “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मात्र पाठवण्याआधी सर्व भाग तपासले जातात, तुम्ही पाकीट नीट पाहावे.” त्या 'मात्र'ने दिलगिरी परत घेतली. समोरच्याला एवढंच कळतं की आपला त्यांच्यावर विश्वास नाही. त्यांनी तर फोटो जोडलाय, पाकिटात ८ ऐवजी ६ स्क्रू सरळ मोजता येतात. तू फोटो उघडला होतास ना?

४. दिलेली माहिती पुन्हा न मागणे: अपूर्ण. ऑर्डर क्रमांक त्यांच्या पहिल्याच ईमेलच्या विषयात आहे.

५. कोण, काय, कधी करणार: अपूर्ण. “तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली असून लवकरात लवकर कार्यवाही करण्यात येईल.” या वाक्यात माणूसच नाही. पाठवली तू, स्क्रू देणार स्टोअर. मग तसंच लिही. मी विचारलं, उद्या सकाळी पार्सल निघतंय.

६. हुकूम किंवा टोमणा नसणे: अपूर्ण, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. “कृपया वारंवार ईमेल करू नयेत.” 'कृपया' जोडलं म्हणून हुकमाची विनंती होत नाही. शिवाय त्यांनी तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोन्ही ईमेलला आपण उत्तरच दिलं नाही. हे वाक्य पूर्ण काढ.

७. लांबी: पूर्ण.

८. शुद्धलेखन, उद्गारचिन्हं, ठळक अक्षरं: पूर्ण.

मधला भाग मी असा लिहिला असता:

“आपल्या खुर्चीच्या पाकिटात दोन स्क्रू कमी आले आणि आपल्या आधीच्या दोन्ही ईमेलना आम्ही उत्तर दिलं नाही. दोन्ही चुका आमच्या आहेत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोटो पाठवल्यामुळे नेमका आकार कळला. उरलेले दोन स्क्रू उद्या सकाळी पाठवत आहोत. पार्सल निघताच त्याचा क्रमांक मी स्वतः कळवेन. तोपर्यंत कृपया खुर्ची वापरू नका, दोन स्क्रूंविना ती डळमळू शकते.”

इथलं 'कृपया' बघ, ते त्यांच्या काळजीपोटी आलंय. जसंच्या तसं उचलू नकोस, तुझ्या भाषेत लिही आणि ४ वाजायच्या आत मला परत दाखव. क्रमांक कळवायचं उद्याच्या कामांत आत्ताच टाकून ठेव.