घर बंद करून निघताना : तुमच्यासाठी यादी (शेवटपर्यंत वाचा, अर्धी वाचून 'बघू' म्हणू नका)

अहो, मी इकडं बंगळूरला आले खरी पण जीव तिकडंच आहे, सांगलीच्या गावभागातलं घर आता दसऱ्यापर्यंत बंद राहणार आणि ते बंद करायचं काम तुमच्या एकट्यावर आलंय. रविवारी मिरजेवरून तुमची गाडी आहे, म्हणून बुधवारपासून लिहितेय. झालं की पेनानं टिक मारा, मनात नको.

बुधवार

दूधवाला, पेपरवाला, केबल या तिघांनाही तोंडी सांगा. रविवारपासून बंद, परत चालू मी फोन केल्यावरच. दारात पेपरांचा ढीग म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. इंटरनेटवाल्याला विचारा, तीन महिने थांबवता येतंय का, नाही म्हणाला तर भरून टाका, वाद घालत बसू नका.

लाईट बिल ॲडव्हान्स भरा, महावितरणच्या ॲपवर होतं. चारशे-पाचशे जास्तच भरा, पुढच्या बिलातून वजा होतात. घरपट्टी, पाणीपट्टीचं बघा. सिलेंडर आता बुक करू नका.

फ्रिज रिकामा करायला आजच सुरुवात करा. फ्रीजरमधलं ओलं खोबरं, मटार, ती लिंबाच्या रसाची बाटली, सगळं शेजारच्या काकूंना. विरजण पण त्यांनाच द्या, परत आल्यावर तेच मागून घेईन. तुम्ही शनिवारपर्यंत घरात जे आहे तेच संपवायचं, नवीन भाजी आणायची नाही, कोथिंबीर स्वस्त मिळाली तरी नाही!

गुरुवार : बँक आणि किमती वस्तू

हे गुरुवारीच, कारण शनिवार चौथा आहे, बँक बंद. माझे पाटल्या-तोडे, मोठं मंगळसूत्र आणि लेकीचा सेट हे लाल बटव्यात आहे, तो लॉकरमध्ये. लॉकरची किल्ली घरात ठेवायची नाही, सोबत आणायची, आणि लॉकर नंबर त्याच पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवायचा नाही (मागं ठेवला होता तुम्ही). रोख पैसे तांदळाच्या डब्यात, पुस्तकात वगैरे नको, चोराला पण त्या जागा माहीत असतात.

देवातले चांदीचे टाक आणि समई मिरजेला भाऊजींकडं द्या. यंदाचा गणपती तसाही तिकडंच आहे, देवांची रोज पूजा तरी होईल. जाताना केळी न्या, रिकाम्या हातानं जाऊ नका.

कागद सांगते : घराचं खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, विम्याच्या पॉलिश्या, तुमचे पेन्शनचे कागद. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंड टेपनं बंद करून, वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात सगळ्यात वरच्या खणात. सगळ्याचे फोटो काढून लेकीला पाठवा.

शुक्रवार : पाण्याचं

हा भाग मन लावून वाचा. २०१९ च्या ऑगस्टला आपल्या खालच्या खोलीत काय झालं होतं ते विसरला नसाल, २०२१ ला पण नशिबानंच वाचलो. कोयनेतून पाणी सोडलं आणि वर पाऊस लागला की नदी आपल्याला विचारून चढत नाही. आणि आपण नसणार बरोबर जून ते ऑक्टोबर. म्हणून खालचं जेवढं हलतंय तेवढं वर : मिक्सर, शिलाई मशीन, गाद्या, धान्याचे डबे, आल्बमची पेटी. आल्बम आधी, मिक्सर नंतर, मिक्सर नवा मिळतो. दोन्ही सिलेंडर वर न्या, वर नाहीच जमलं तर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा, नाहीतर पाण्यात तरंगत दारावर आपटतात. स्कूटर विश्रामबागला तुमच्या मित्राकडं लावा. इन्व्हर्टरची बॅटरी जड आहे, तुमच्या पाठीनं उचलायची नाही, इलेक्ट्रिशियनच्या पोराला बोलवा.

आणि काकूंना सांगून ठेवा, आयर्विन पुलाला पाणी ४० फुटाला गेलं की मला एक फोन करा म्हणून. ४० ला इशारा, ४५ ला धोका, तोवर भाऊजींना यायला वेळ मिळतो.

शनिवार : स्वयंपाकघर

गेल्या वेळी पुण्याला महिनाभर गेलो तेव्हा तुम्ही फ्रिज बंद केला आणि दार पण लावून घेतलं, आल्यावर आत काळी बुरशी आणि असला वास की आठ दिवस लिंबू-सोडा लावून पुसत होते मी. यंदा फ्रिज सकाळीच बंद करा, बर्फ वितळू द्या, खालचा ट्रे ओता, खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं पुसा, कोरडा करा आणि दारात टॉवेलची घडी अडकवून दार उघडं ठेवा. तसंच राहू दे तीन महिने.

कांदे-बटाटे टोपलीत एकही नको. एक बटाटा कुजला की घरभर वास, मेलेल्या उंदरासारखा. रवा, बेसन, भाजणी काकूंना, त्यात किडे पडतातच. डाळी-तांदूळ झाकण घट्ट करून वर, कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून. लोणच्याच्या बरणीत तेल वर आलंय का बघा, नसेल तर गरम करून गार केलेलं ओता, दादरा बांधा. गूळ स्टीलच्या डब्यात. भडंगाची दोन पाकिटं इकडं आणा, लेकीला डोहाळे लागलेत.

कचरा रात्री नाही, सकाळच्या घंटागाडीत.

किल्ल्या

एक जुडगा तुमच्याजवळ, एक काकूंकडं, एक भाऊजींकडं, बस. कामवाल्या मावशींना नको, त्या चांगल्या आहेत पण त्यांचा मुलगा हल्ली कोणाबरोबर फिरतो बघितलंय मी. किल्लीला घराचं नाव लिहिलेलं लेबल नको, लाल दोरा बांधा. आणि तुळशीच्या कुंडीखाली अजिबात ठेवायची नाही, गल्लीतल्या पोरांना सुद्धा माहीत आहे ती जागा. कपाटाची किल्ली घराच्या जुडग्यात नको, वेगळी सोबत आणा. तुळशीला पाणी काकू घालतील, कुंडी त्यांच्या दारात नेऊन ठेवा.

रविवार, निघताना

– गॅसचा रेग्युलेटर काढून सिलेंडरला टोपी.
– गच्चीवरच्या टाकीत पाणी नको, डास होतात. नळाचा मेन कॉक बंद, मग सगळे नळ एकदा उघडून बघा.
– इन्व्हर्टर पूर्ण चार्ज झाला की त्याच्या बटणावरून बंद, मग मेन स्विच. उलटं केलं तर बॅटरी उतरून खराब होते.
– बाहेरचा दिवा चालू ठेवून जायचं नाही. भरदिवसा जळणारा दिवा बघून कोणालाही कळतं.
– गच्चीचं दार, मागचं दार (आडसर घाला, नुसती कडी नाही), खिडक्या, बाथरूमची झडप पण.
– पुढच्या दाराला आतलं लॅच आणि बाहेरून कोयंड्याला ते नवं पितळी कुलूप, जुनं नको, ते हिसका मारला की उघडतं.

चौकीत सांगून ठेवा घर बंद आहे म्हणून. व्हॉट्सॲपला 'निघालो बंगळूरला' असा स्टेटस टाकू नका, आजोबा झाल्यावर काय टाकायचं ते टाका.

कुलूप लावलं की दोनदा ओढून बघा आणि त्याचा फोटो मला पाठवा, म्हणजे स्टेशनवर 'लावलं का नाही' म्हणून रिक्षा परत फिरवायला नको.