रंगजोड, बिल्ड २२: चाचणी अहवाल

निर्णय आधी सांगतो: हा बिल्ड रिलीज करू नये. गेम कुठेही क्रॅश होत नाही, चित्रं आणि आवाज छान जमले आहेत, चाळीसही लेव्हल खेळून पूर्ण होतात. पण खेळणाऱ्याने कमावलेले गुण तीन वेगवेगळ्या वाटांनी चुकतात, आणि त्या तिन्ही वाटा माझ्या मते एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. आपला हिशोब अॅनिमेशनच्या मागे मागे चालतो. टाइल पडून स्थिरावली की मग गुण मिळवायचे, असा क्रम आहे. त्या मधल्या सेकंद-दीड सेकंदात काहीही घडलं की हिशोब फिसकटतो.

एकूण ७८ टेस्ट केस चालवल्या. ६६ पास, ९ फेल, आणि ३ डिझाइन डॉक्युमेंटमध्ये उत्तर नसल्यामुळे अडकून आहेत. नऊ फेल केसमागे सहा बग आहेत. चाचणी अँड्रॉइड ९, १२ आणि १४ असलेल्या तीन फोनवर आणि एका इम्युलेटरवर केली. सगळीकडे डीबग मेन्यूतून सीड ४४१७ ठेवला होता, त्यामुळे खाली दिलेली प्रत्येक मांडणी तुमच्याकडेही तशीच येईल. ही सीडची सोय केल्याबद्दल डेव्हलपर टीमचे मनापासून आभार. ती नसती तर यातले निम्मे बग "एकदा दिसला होता, परत नाही दिसला" एवढ्यावरच राहिले असते.

गुणांचे नियम

तपासताना धरलेले नियम: एका रेषेत ३ टाइल जुळल्या तर ३० गुण, ४ ला ६०, ५ ला १००. साखळी लागली तर दुसऱ्या टप्प्याला दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट, असं जास्तीत जास्त पाचपट. लेव्हल जिंकल्यावर उरलेल्या प्रत्येक चालीचे ५०.

साधी जुळणी, उरलेल्या चालींचा बोनस आणि पाचपटीची मर्यादा बरोबर आहे. साखळीची बेरीजही सावकाश खेळलं तर अचूक येते. लेव्हल १४ ची पहिली चाल घ्या. ३ निळ्या जुळतात, ३० गुण. वरून पडलेल्या ३ लाल जुळतात, ३० ची दुप्पट ६०. मग ४ हिरव्या, ६० ची तिप्पट १८०. एकूण २७०, आणि पाटीवरही २७० च वाढले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

बी-४१, गंभीर. शेवटच्या चालीची साखळी मोजण्याआधीच गेम हरल्याचं जाहीर करतो. लेव्हल ९ चं लक्ष्य १०००. ९४० वर असताना शेवटची चाल खेळलो. ३ पिवळ्या जुळल्या, ९७० झाले. चाली शून्य झाल्या आणि "हरलात" कार्ड आलं. त्या कार्डाच्या मागे साखळी चालूच होती: ३ जांभळ्या जुळल्या, पाटीवर १०३० उमटले. कार्ड अर्धपारदर्शक असल्यामुळे खेळणाऱ्याला हे दोन्ही एकाच वेळी दिसतं, वर "हरलात" आणि खाली लक्ष्यापेक्षा ३० जास्त. दहापैकी दहा वेळा येतो, तिन्ही फोनवर. शेवटच्या चालीवर साखळी लागून जिंकणं हा अशा खेळातला सगळ्यात सुंदर क्षण असतो आणि नेमका तोच आपण हिरावून घेतो आहोत. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पण हा बग राहता कामा नये.

बी-४३, मध्यम. साखळीच्या शेवटच्या टाइल खाली येत असताना बोर्ड स्पर्श स्वीकारतो आणि नवी चाल जुन्या साखळीतच धरली जाते. दोन टप्प्यांची साखळी संपता संपता घाईने नवी जुळणी केली, तर ३० ऐवजी ९० मिळतात. लेव्हल २२ वर तोच सीड आणि त्याच अठरा चाली दोनदा खेळलो. सावकाश खेळून १५४०, घाईने १९६०. फरक ४२०, म्हणजे जादा ६० गुण सात वेळा. जलद खेळणाऱ्याला बक्षीस द्यायचं असेल तर ते नियम म्हणून द्या, पण तसं डॉक्युमेंटमध्ये कुठेही नाही.

इंग्रजी एल किंवा टी आकाराच्या जुळणीबद्दल डॉक्युमेंट गप्प आहे. अडकलेल्या तिन्ही केस याच. गेम सध्या आडव्या ३ आणि उभ्या ३ वेगळ्या मोजून ६० देतो, कोपऱ्याची टाइल दोनदा धरतो. टाइल पाच जातात आणि गुण मात्र सरळ रेषेतल्या चारएवढेच. एल जमवायला दोन चाली आधीपासून विचार करावा लागतो, म्हणून माझं मत १०० द्यावेत. निर्णय डिझाइनचा आहे, पण तो लिहून हवा.

लेव्हल आणि तारे

इथे बरंच काही सुधारलंय. तारे बरोबर सीमेवर मिळतात. दोन ताऱ्यांची सीमा १५०० असलेल्या लेव्हलवर १४९०, १५०० आणि १५१० अशा तिन्ही आकड्यांवर थांबून पाहिलं, कारण मागच्या बिल्डमध्ये नेमक्या १५०० ला एकच तारा मिळत होता. "पुढे" बटण पटापट दोनदा दाबल्यावर एक लेव्हल गाळली जायची, तेही बंद झालं. वीस वेळा करून पाहिलं. चाळिसाव्या लेव्हलनंतर शेवटचं कार्ड येतं आणि नकाशावर परतता येतं.

बी-४४, गंभीर. जुनी लेव्हल पुन्हा खेळून कमी गुण मिळाले तर आधीचे तारे पुसले जातात. माझ्याकडे पहिल्या दहा लेव्हलमध्ये मिळून २० तारे होते, अकरावी उघडण्यासाठी तेवढेच लागतात. चौदावीपर्यंत पोहोचलो होतो. मग सहज म्हणून चौथी पुन्हा खेळलो, तीनऐवजी एकच तारा मिळाला. बेरीज १८ झाली आणि नकाशावर अकराव्या लेव्हलवर परत कुलूप आलं, चौदावी त्याच्यापलीकडे अडकली. दोन गोष्टी हव्यात: प्रत्येक लेव्हलचा सर्वोत्तम निकालच साठवायचा, आणि एकदा उघडलेली लेव्हल कोणत्याही हिशोबाने बंद करायची नाही. पहिली दुरुस्त केली की दुसरीची गरज उरत नाही असं वाटेल, पण पुढे कधी ताऱ्यांच्या सीमा बदलल्या तर दुसरीच कामी येईल.

साठवलेली प्रगती

बिल्ड २१ वर खेळून त्यावर २२ अपडेट केला, तारे आणि लेव्हल शाबूत. फोन रीस्टार्ट, बॅटरी पूर्ण संपवून बंद पाडणं, भाषा बदलणं, तारीख मागेपुढे करणं, स्टोरेज जवळजवळ भरलेलं असताना खेळणं, सगळं पास. डेटा पुसल्यावर गेम पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो, तसंच अपेक्षित आहे.

बी-४२, गंभीर. साखळी चालू असताना गेम मागे गेला आणि सिस्टिमने प्रोसेस मारली, तर चाल खर्ची पडते पण गुण मिळत नाहीत. मेमरी कमी असलेल्या फोनवर हे रोजचं आहे: खेळता खेळता कॅमेरा उघडला की मागचं अॅप जातं. मुद्दाम घडवायचं असेल तर चाल खेळून लगेच हे द्या:

```
adb shell input keyevent KEYCODE_HOME
adb shell am kill com.example.rangjod
```

`am kill` फक्त मागे गेलेलं अॅप मारतो, म्हणून आधी होम द्यावाच लागतो. `force-stop` वापरू नका, खेळणाऱ्याच्या फोनवर प्रोसेस अशी जात नाही.

लेव्हल १४ वर ८७० गुण आणि ७ चाली उरलेल्या असताना वरची २७० ची मांडणी डीबग मेन्यूतून लावली, चाल खेळलो आणि हे केलं. सेव्ह फाइलमध्ये उरलं ते असं:

```xml
<int name="level" value="14" />
<int name="moves_left" value="6" />
<int name="score" value="870" />
```

११४० हवे होते. दहापैकी आठ वेळा असं झालं. चाल हलवताक्षणी `moves_left` लिहिलं जातं आणि `score` साखळी संपल्यावर, असं यावरून दिसतं. नुसतं "शेवटी दोन्ही एकत्र लिहा" केलं तर हा बग जाईल, बी-४१ आणि बी-४३ तसेच राहतील. त्यापेक्षा चाल खेळताक्षणी पूर्ण साखळीचा निकाल, म्हणजे गुण, नवा बोर्ड, उरलेल्या चाली आणि जिंकलं की हरलं, एकदमच काढा, एकाच `apply()` मध्ये साठवा आणि अॅनिमेशनने तो निकाल फक्त दाखवावा. बी-४३ साठी साखळीचा टप्पा दर चालीला एकपासून मोजायचा. काम एका दिवसाचं नाही हे मी जाणतो. पण तिन्ही बगवर वेगवेगळी ठिगळं लावली तर पुढच्या बिल्डमध्ये मी चौथा घेऊन येईन.

कॉल आणि इतर व्यत्यय

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. कॉल म्हणजे एकच घटना धरून चालत नाही. इम्युलेटरवर कॉल असा आणता येतो:

```
adb emu gsm call 5551234
adb emu gsm cancel 5551234
```

कॉल उचलून कॉलचा पडदा पूर्ण उघडला की `onPause()` येतो आणि गेम नीट थांबतो. स्क्रीन लॉक, होम, दुसऱ्या अॅपवर जाणं, अलार्मचा पूर्ण पडदा, सगळं पास.

बी-४५, गंभीर. फोन हातात आणि स्क्रीन चालू असते तेव्हा कॉल वरच्या पट्टीत येतो. गेम पुढेच राहतो, `onPause()` येत नाही आणि ९० सेकंदांच्या लेव्हलचं घड्याळ धावत राहतं. वीस सेकंद रिंग वाजू दिली, वीस सेकंद गेली. पट्टीने वरच्या दोन ओळी झाकल्या होत्या, म्हणजे त्या वेळात धड खेळताही येत नव्हतं. आवाज चालू असेल तर रिंग वाजताच `AUDIOFOCUS_LOSS_TRANSIENT` मिळतो, त्यावर घड्याळ थांबवता येईल. फोन सायलेंटवर असेल तर त्याचा भरवसा नाही, म्हणून वेळेच्या लेव्हलमध्ये ठळक "थांबा" बटण पट्टीखाली झाकलं जाणार नाही अशा जागी, खालच्या बाजूला द्यावं. कॉलची स्थिती वाचायची परवानगी मागण्याचा विचार कृपया करू नका. साध्या कोड्याच्या खेळाने फोन कॉलची माहिती मागितली तर लोक बिचकतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

बी-४६, मध्यम. कॉल चालू असताना अलीकडच्या अॅपमधून गेममध्ये परतलं तर संगीत सुरू होतं आणि समोरच्यालाही ऐकू जातं. ऑडिओ फोकस मिळाल्याशिवाय संगीत लावू नये.

बग नाही, पण सुचवतो: कॉल संपवून परत आलं की घड्याळ त्याच क्षणी चालू होतं. बोट बोर्डवर जाईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. "खेळ थांबला आहे" असं कार्ड दाखवावं आणि खेळणाऱ्याने स्पर्श केल्यावरच वेळ पुढे सरकावी.

बिल्ड २३ मध्ये बी-४१, ४२, ४४ आणि ४५ दुरुस्त होऊन आले की गुण, सेव्ह आणि व्यत्यय हे तिन्ही भाग पहिल्यापासून पुन्हा चालवीन, त्याला दोन दिवस लागतील. एल आकाराचा निर्णय त्याआधी डॉक्युमेंटमध्ये आला तर अडकलेल्या तीन केसही त्यातच होतील. टॅब्लेट आणि स्प्लिट स्क्रीन या फेरीत तपासलेलं नाही.