बोअर, पाणी आणि आप्पांची वही: प्रोजेक्ट, प्रोग्रॅम आणि पोर्टफोलिओ

(बी.बी.ए. पहिलं सेमिस्टर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी टिपण)

परवाच्या तासाला मी विचारलं, प्रोग्रॅम म्हणजे काय? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "मोठा प्रोजेक्ट, मॅडम." आणि पोर्टफोलिओ? "त्याहून मोठा." निम्म्या वर्गानं माना डोलावल्या. हे उत्तर चूक आहे, आणि परीक्षेत दरवर्षी त्याच चुकीवर मार्क जातात. खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडून सकाळच्या पहिल्या बसनं येणारी तुम्ही मुलं इंग्रजी व्याख्या घोकून पाठ करता, हे मला ठाऊक आहे. मीही तेच केलं होतं. म्हणून हे टिपण आपल्या भाषेत लिहिलंय. एकदा नीट वाचा, मग पुस्तकातली व्याख्या परत बघा.

घोटाळा शब्दांपासूनच सुरू होतो. प्रोजेक्ट म्हटलं की तुम्हाला शाळेतलं थर्माकोलचं प्रदर्शन आठवतं. प्रोग्रॅम म्हणजे गावाकडं बारशाचा नाहीतर सत्काराचा कार्यक्रम, आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये तिसरंच काहीतरी. पोर्टफोलिओ कुणी शेअर बाजारात ऐकलेला असतो, तर कुणी मंत्र्यांच्या खातेवाटपाच्या बातमीत. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीला विचाराल तर ती कशालाही 'योजने' म्हणेल. हे सगळे अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवा.

प्रोजेक्टपासून सुरुवात करू, ते सोपं आहे. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी आधी नव्हतं असं काहीतरी हाती येतं, ते प्रोजेक्ट. घरातलं लग्न घ्या. मुहूर्त ठरला की तारीख पक्की. खर्चाचा आकडा ठरतो, पाहुणे किती, जेवणात काय काय, तेही ठरतं. वेळ, पैसा आणि कामाची व्याप्ती या तिघांचा एकमेकांशी ताण असतो. पाहुणे वाढले की खर्च वाढतो, मुहूर्त अलीकडे आला की घाईत माणसं जास्त लावावी लागतात. लग्न लागलं, मांडव उतरला, आचाऱ्याचे पैसे दिले, की प्रोजेक्ट संपलं. प्रोजेक्ट मॅनेजरचा प्रश्न एकच: ठरलं ते, ठरल्या वेळेत, ठरल्या पैशात झालं का?

रोजचं काम हे प्रोजेक्ट नव्हे, एवढं मात्र पक्कं करून घ्या. आपल्या बेळगावात मिठाईवाला रोज पहाटे दूध आटवून कुंदा करतो. ते त्याचं नित्याचं काम आहे, इंग्रजी पुस्तकात त्यालाच ऑपरेशन्स म्हणतात. तोच मिठाईवाला टिळकवाडीत नवी शाखा काढायची ठरवतो, तेव्हा गाळा घेण्यापासून पहिल्या दिवशी शटर वर करण्यापर्यंतचं काम म्हणजे प्रोजेक्ट. दुसऱ्या दिवसापासून तिथंही रोजचा कुंदा सुरू.

आता प्रोग्रॅम. इथं मला आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण ही कल्पना मला पुस्तकातून कळलीच नाही.

आमचं गाव चिकोडी तालुक्यात. अडीच एकर शेत, पण पाणी शेजाऱ्याच्या विहिरीच्या भरवशावर. २०११ साली आप्पांनी ठरवलं, आपल्या शेताला आपलं पाणी करायचं. त्यासाठी चार कामं होती: बोअर मारणं, शेतापर्यंत बाराशे फूट पाइपलाइन पुरणं, मोटारीला वीजजोडणी घेणं आणि उसाला ठिबक बसवणं. बोअरची गाडी जानेवारीत आली, एका रात्रीत काम झालं. पाइपलाइनवाल्यानं फेब्रुवारीत चर खणून पाइप पुरले, जेसीबीची माती सारखीसुद्धा करून दिली. ठिबकवाला मार्चमध्ये नळ्या अंथरून गेला. प्रत्येकानं वेळेत काम केलं, प्रत्येकानं बिल घेतलं, आणि प्रत्येकजण जाताना म्हणाला, "आमचं काम झालं बघा." पण वीजजोडणीचा अर्ज सगळ्यात शेवटी गेला होता. खांब उभे राहून मोटार सुरू झाली ती जूनच्या अखेरीस, पाऊस पडून गेल्यावर. एप्रिल-मेच्या उन्हात नवी लागण वाळून गेली. कोरड्या शेतात काळ्या नळ्या सरळ रेषेत पसरलेल्या होत्या आणि आई बांधावर उभी राहून नुसती बघत होती, ते मला आजही दिसतं.

तीन प्रोजेक्ट्स यशस्वी होती, चौथंही शेवटी पुरं झालं, आणि त्या वर्षी उसाला पाणी मात्र मिळालं नाही. हे नीट समजलं की प्रोग्रॅम समजला. एकमेकांवर अवलंबून असलेली अनेक प्रोजेक्ट्स एकत्र सांभाळायची, कारण खरा फायदा त्यांच्या जुळणीतून येतो, एकेकट्यातून येत नाही, याला प्रोग्रॅम मॅनेजमेंट म्हणतात. बोअरवाल्याचं प्रोजेक्ट म्हणजे जमिनीतलं भोक. आप्पांचा प्रोग्रॅम म्हणजे उसाच्या मुळाशी पडणारं पाणी. प्रोग्रॅम मॅनेजर हातात असता तर त्यानं विजेचा अर्ज सगळ्यात आधी टाकला असता, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागणार होता, आणि मोटार सुरू होईपर्यंत लागण थांबवली असती. बोअरवाल्याला हे सुचायचं कारण नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसरी एक गोष्ट. आमच्या बोअरला तीन इंची पाणी लागेल असा अंदाज होता, लागलं दोन इंची. बोअरवाल्याच्या दृष्टीनं यात काही बिघडलं नाही, ठरलेली खोली त्यानं गाठली. पण त्या एका इंचानं बाकीची सगळी गणितं बदलली. साडेसातऐवजी पाच एचपीची मोटार पुरली, आणि ठिबक अख्ख्या शेतावर एकदम न सोडता पाळीपाळीनं सोडावं लागलं. एका प्रोजेक्टचा निकाल दुसऱ्याचा आराखडा बदलतो, तो बदल वेळीच सगळ्यांपर्यंत पोचवणं हे प्रोग्रॅमचं काम. शिवाय काही कामं कुठल्याच कंत्राटदाराच्या यादीत नसतात. फिल्टर कधी धुवायचा, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या दिवशी उघडायचा, हे आमच्या गड्याला कुणीच शिकवलं नव्हतं. आईनं महिनाभर खपून ते बसवलं. तेही प्रोग्रॅममध्येच येतं, कारण त्याच्याशिवाय फायदा पदरात पडत नाही.

मोठं उदाहरण हवं असेल तर गगनयान घ्या. अंतराळवीर बसणार ती कुपी, माणूस नेण्याइतकं भरवशाचं रॉकेट, उड्डाणात काही बिघडलं तर कुपी खेचून दूर नेणारी यंत्रणा, अंतराळवीरांचं प्रशिक्षण, ही वेगवेगळी कामं आहेत. २१ ऑक्टोबर २०२३ ला इस्रोनं त्यातल्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी घेतली. ती यशस्वी झाली म्हणून माणूस अंतराळात गेला का? नाही. सगळी कामं एकमेकांत बसतील तेव्हाच जाईल.

आता पोर्टफोलिओ. शब्द मूळचा इटालियन, कागद वाहून न्यायच्या चामडी पिशवीचा. आमच्याकडं ती पिशवी म्हणजे आप्पांची लाल बांधणीची वही.

पाण्याचं ठरायच्या आधीची एक रात्र. उसाचं बिल आलं होतं आणि मागची शिल्लक धरून हातात सव्वातीन लाख होते. आप्पा कट्ट्यावर वही उघडून बसले. पाणी, दोन लाख चाळीस हजार. घराचा स्लॅब, दोन लाख. दोन म्हशी, एक लाख. माझं बेळगावातलं बी.कॉम. आणि हॉस्टेल, साठ हजार. बेरीज सहा लाख. या चार गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? बोअर लागला नाही म्हणून माझी परीक्षा अडत नव्हती, आणि म्हशींवाचून स्लॅब अडत नव्हता. संबंध दोनच: खिसा एक आणि घर एक. आप्पांनी रात्रभर जो विचार केला, त्याला पुस्तकात पोर्टफोलिओ मॅनेजमेंट म्हणतात. आहे त्या पैशात आणि माणसांत, आपल्या ध्येयाकडं नेणारी कामं कुठली, ती निवडायची आणि बाकीची थांबवायची.

सकाळी त्यांनी पाणी आणि माझी फी ठेवली. म्हशी पुढच्या बिलावर ढकलल्या. पंचवीस हजार अडीअडचणीला बाजूला काढले. स्लॅब थांबवला.

स्लॅब थांबवणं सोपं नव्हतं. कॉलम उभे राहिले होते, सळ्या वर आलेल्या होत्या, त्यात पैसा गेला होता. गवंडी नाराज झाला. तो म्हणाला, "माझं काही चुकलं का, आप्पा?" चुकलं नव्हतं. तो वेळेत होता, खर्चातही होता. हा मुद्दा तुम्ही वहीत अधोरेखित करून ठेवा: उत्तम चाललेलं प्रोजेक्टसुद्धा पोर्टफोलिओच्या निर्णयानं थांबू शकतं, आणि त्यात प्रोजेक्ट मॅनेजरचा दोष नसतो. आधीच घातलेला पैसा परत येत नाही, म्हणून त्याच्याकडं बघून पुढचा निर्णय करायचा नसतो. आमच्या त्या सळ्या पुढं पाच वर्षं गंजत उभ्या होत्या.

आणखी एक बघा. आप्पांनी निवड बरोबर केली, तरी त्या वर्षी ऊस वाळला. म्हणजे पोर्टफोलिओ नीट होता, प्रोग्रॅम फसला. उलटंही होतं: चुकीचं काम अगदी वक्तशीर पुरं होतं. दोन्ही चुका वेगळ्या आहेत, त्यांची दुरुस्तीही वेगळी.

पोर्टफोलिओची कल्पना गुंतवणुकीच्या शास्त्रातून आली. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडलं की एकेक शेअर सुटा बघू नका, सगळे मिळून जोखीम किती होते ते बघा. त्याबद्दल १९९० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या शेतकऱ्याला हे अंगवळणी पडलेलं आहे. थोडा ऊस, थोडं सोयाबीन, गोठ्यात एक म्हैस, एक पोरगा नोकरीला. एक बुडालं तर दुसरं तारतं. म्हणून पोर्टफोलिओत प्रोजेक्ट्स असतात, प्रोग्रॅम्स असतात आणि म्हशीच्या धारेसारखं रोजचं कामही असतं. पोर्टफोलिओला शेवटची तारीख नसते. लग्न संपतं, पाण्याचं काम संपतं, वही चालूच राहते. आप्पा आजही दर दिवाळीला ती उघडतात.

अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या तिन्ही कामांसाठी तीन वेगळी प्रमाणपत्रं देते, पीएमपी, पीजीएमपी आणि पीएफएमपी. तिन्ही कामांना लागणारं डोकं वेगळं, म्हणून परीक्षाही वेगळ्या.

परीक्षेत उत्तर लिहिताना आकारावरून फरक सांगू नका. दोन-अडीच लाखांत आमचा प्रोग्रॅम होता, आणि कोट्यवधींचा एखादा पूल हे एकच प्रोजेक्ट असू शकतं. माणूस कुठला प्रश्न विचारतोय ते लिहा. ठरलेलं काम झालं का, हे गवंडी विचारतो. पाणी मुळाशी पोचलं का, हे आई विचारते. हे काम आपण करायचं का, आणि त्याऐवजी काय सोडायचं, हे आप्पा विचारतात.

गुरुवारच्या तासाला येताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट विचारून या: गेल्या पाच वर्षांत घरातलं कुठलं काम अर्ध्यावर थांबवलं, आणि त्याचे पैसे कुठं वळवले? दहा ओळी लिहून आणा. मराठीत लिहिलं तरी चालेल, इंग्रजी आपण वर्गात मिळून करू.