सराव संच ५ : सर्व, काही, एकही नाही (स्पष्टीकरणासह)

गेल्या रविवारी सोडवलेल्या संचात बहुतेकांची चूक एकाच जातीची होती. आकृती बरोबर होती, उत्तर मात्र चुकलं होतं. कारण विधानातल्या प्रत्येक गटासाठी कागदावर एकेक वर्तुळ काढलं की डोळा त्या एका मांडणीला चिकटतो. जी वर्तुळं तुम्ही सहज एकमेकांपासून लांब काढलीत, ती लांबच आहेत असं वाटू लागतं, आणि विधानात तसं कुणी म्हटलेलंच नसतं. म्हणून या संचात आकृती काढायची नाही, बोलायची. "हे वर्तुळ त्याच्या पोटात आहे, हे तिसरं मात्र सुटं आहे, कुठेही सरकेल", असं तोंडाने म्हणायचं. बोलताना सुटेपणा आपोआप बोलला जातो. काढताना तो हरवतो.

विधानं अशी ऐकायची. "सर्व अ ब आहेत" म्हणजे अ चं वर्तुळ पूर्ण ब च्या पोटात. ब मोठं असेल, किंवा दोन्ही तंतोतंत एकमेकांवर बसत असतील. ही दुसरी शक्यता विसरलात तर गुण गेले. "काही अ ब आहेत" म्हणजे दोन वर्तुळांना सामाईक जागा आहे आणि तिथे निदान एक तरी जण उभा आहे. बस, इतकंच. उरलेले अ बाहेर आहेत असं हे विधान सांगत नाही. रोजच्या बोलण्यात "काही मुलं आली" म्हटलं की "काही आली नाहीत" असं आपण ऐकतो. इथे तसं ऐकायचं नाही. "एकही अ ब नाही" म्हणजे दोन वर्तुळं पूर्ण वेगळी, कडही लागत नाही. "काही अ ब नाहीत" म्हणजे अ चा निदान एक तुकडा ब च्या बाहेर.

"सर्व पक्षी निळे नाहीत" अशी वाक्यरचना कुठे दिसली तर थांबा. मराठीत तिचे दोन अर्थ होतात : एकही निळा नाही, किंवा सगळेच निळे नाहीत, काही आहेत. चांगला प्रश्नकर्ता ती टाळतो आणि "एकही" किंवा "काही… नाहीत" असं लिहितो. या संचात तसंच लिहिलं आहे.

निष्कर्ष तपासायची रीत एकच. तो खरा करून दाखवायचा नाही, मोडून दाखवायचा. विधानं सांभाळून निष्कर्ष खोटा ठरेल अशी एक जरी मांडणी सापडली, तरी तो निघत नाही. कितीही सरकवलं तरी मोडत नसेल, तरच निघतो.

प्रश्न १
विधाने : सर्व पेन्सिली पुस्तके आहेत. सर्व पुस्तके खुर्च्या आहेत.
निष्कर्ष : (१) सर्व पेन्सिली खुर्च्या आहेत. (२) सर्व खुर्च्या पेन्सिली आहेत. (३) काही खुर्च्या पेन्सिली आहेत.

पेन्सिली पुस्तकांच्या पोटात, पुस्तके खुर्च्यांच्या पोटात. पेन्सिल खुर्च्यांबाहेर जायला वाटच नाही, म्हणून (१) निघतो. (२) मोडायला खुर्च्यांचं वर्तुळ थोडं मोठं करा. (३) निघतो, कारण पेन्सिली जिथे उभ्या आहेत ती जागा खुर्च्यांचीही आहे. उत्तर : (१) आणि (३).

"खुर्ची पेन्सिल कशी असेल?" असं एकाने विचारलं होतं. नसेलच. शब्द मुद्दाम असे घेतले आहेत, म्हणजे तुमचं सामान्यज्ञान मध्ये लुडबुड करणार नाही.

प्रश्न २
विधाने : सर्व घोडे ढग आहेत. काही ढग दिवे आहेत.
निष्कर्ष : (१) काही घोडे दिवे आहेत. (२) काही दिवे ढग आहेत. (३) एकही घोडा दिवा नाही.

या प्रश्नाला वेळ द्या. घोडे ढगांच्या आत ठोकलेले. दिवे ढगांना कुठेतरी छेदतात, पण कुठे ते सांगितलेलं नाही. दिव्यांचं वर्तुळ सुटं आहे. ते ढगांच्या घोडे नसलेल्या कोपऱ्यात ठेवलं तर (१) मोडतो. तेच आत सरकवून घोड्यांवर आणलं तर (३) मोडतो. (२) मात्र कुठेही हलवा, टिकतो, कारण सामाईक जागा दोघांची असते आणि "काही" उलटं वाचलं तरी खरंच राहतं.

आता (१) आणि (३) पुन्हा पाहा. एकेकटा कुणीच निघत नाही. पण दिव्यांचं वर्तुळ कुठेही असो, ते घोड्यांना एक तर भिडतं किंवा भिडत नाही. तिसरा मार्ग नाही. म्हणून "एकतर (१) किंवा (३)" हे निघतं. उत्तर : (२), आणि (१) किंवा (३) पैकी एक.

अशी जोडी ओळखताना तीन गोष्टी बघा. दोन्ही निष्कर्षांत तेच दोन शब्द हवेत. दोन्ही स्वतंत्रपणे न निघणारे हवेत. आणि दोन्ही मिळून एकही शक्यता बाहेर उरता कामा नये. "काही आहेत" आणि "एकही नाही" ही जोडी चालते. "सर्व आहेत" आणि "काही नाहीत" हीही चालते, पण शब्दांचा क्रम तोच हवा : "सर्व अ ब आहेत" ची जोडी "काही अ ब नाहीत" शी जमते, "काही ब अ नाहीत" शी नाही. "सर्व आहेत" आणि "एकही नाही" ही जोडी चालत नाही, कारण अर्धवट छेदणारी वर्तुळं दोघांच्या मधून निसटतात. या शेवटच्या सापळ्यात हुशार मुलंच जास्त अडकतात.

प्रश्न ३
विधाने : काही फुले चाव्या आहेत. काही चाव्या घंटा आहेत.
निष्कर्ष : (१) काही फुले घंटा आहेत. (२) काही घंटा फुले नाहीत.

चाव्यांच्या एका टोकाला फुलं, दुसऱ्या टोकाला घंटा : (१) मोडला. फुलं इतकी मोठी करा की घंटा पूर्ण त्यांच्या पोटात जातील : (२) मोडला. दोन्ही विधानं "काही" ची असली की त्यांतून नवा धागा निघत नाही. उत्तर : एकही निघत नाही.

प्रश्न ४
विधाने : एकही खिडकी नदी नाही. सर्व नद्या पर्वत आहेत.
निष्कर्ष : (१) एकही पर्वत खिडकी नाही. (२) काही पर्वत खिडक्या नाहीत. (३) काही खिडक्या पर्वत नाहीत.

नद्या पर्वतांच्या पोटात बसल्या आहेत. खिडक्यांना नद्यांशी भिडायला मनाई आहे, पर्वतांशी नाही. खिडक्यांचं वर्तुळ पर्वतांच्या आत आणा, फक्त नद्यांना शिवू देऊ नका. (१) मोडला, आणि खिडक्या सगळ्याच्या सगळ्या आत गेल्या म्हणून (३) सुद्धा मोडला. पण नद्या जिथे आहेत तिथले पर्वत खिडक्या होऊच शकत नाहीत, म्हणून (२) टिकतो. उत्तर : फक्त (२).

(२) आणि (३) एकसारखे वाटतात ना? "काही आहेत" उलटता येतं, "काही नाहीत" उलटता येत नाही. हे पाठ करू नका, वर्तुळ सरकवून एकदा बघा.

प्रश्न ५
विधाने : सर्व आरसे छत्र्या आहेत. काही छत्र्या पतंग आहेत. एकही पतंग कुलूप नाही.
निष्कर्ष : (१) काही छत्र्या कुलपे नाहीत. (२) काही आरसे कुलपे नाहीत. (३) सर्व आरसे कुलपे असण्याची शक्यता आहे. (४) सर्व छत्र्या कुलपे असण्याची शक्यता आहे.

ठोकलेलं काय ते आधी बोला : आरसे छत्र्यांच्या आत, छत्र्या आणि पतंग यांची सामाईक जागा भरलेली, पतंग आणि कुलपे अलग. सुटं काय? आरसे पतंगांना भिडतात का ते माहीत नाही. कुलपे छत्र्यांना भिडतात का तेही नाही.

सामाईक जागेतल्या छत्र्या पतंग आहेत, म्हणजे त्या कुलपे नाहीत. (१) निघतो. (२) मोडायचा तर आरसे पतंगांपासून दूर सरकवा आणि कुलपांचं वर्तुळ त्यांच्यावर पांघरूण घातल्यासारखं टाका. सगळे आरसे कुलपे झाले, एकही विधान दुखावलं नाही. (२) गेला आणि त्याच मांडणीने (३) सिद्ध झाला. शक्यतेच्या निष्कर्षात काम उलटं असतं : मोडायला नाही, एकदा जमवून दाखवायला बसायचं. (४) जमतच नाही, कारण पतंग असलेल्या छत्र्या कुलपांत ढकलल्या की तिसरं विधान तुटतं. उत्तर : (१) आणि (३).

प्रश्न ६
विधाने : केवळ डोंगर ढोल आहेत. एकही डोंगर पाटी नाही.
निष्कर्ष : (१) एकही ढोल पाटी नाही. (२) सर्व डोंगर ढोल आहेत.

"केवळ" ऐकलं की वाक्य उलटवा : सर्व ढोल डोंगर आहेत. ढोल डोंगरांच्या पोटात, डोंगर पाट्यांपासून अलग. उत्तर : फक्त (१).

प्रश्न ७
विधाने : सर्व तारे शिंपले आहेत. सर्व तारे नाणी आहेत.
निष्कर्ष : (१) काही शिंपले नाणी आहेत. (२) सर्व शिंपले नाणी आहेत. (३) काही शिंपले नाणी नाहीत.

तारे दोघांच्या पोटात आहेत, म्हणजे शिंपले आणि नाणी यांना छेदावंच लागतं, आणि छेदाच्या जागी तारे उभे आहेत. (१) निघतो. पण तारेच नसतील तर? शंका रास्त आहे. वर्तुळांची ही रीत लिओनार्ड ऑयलरच्या पत्रांतून प्रसिद्ध झाली, ती पत्रं 1768 पासून छापली गेली. 1880 मध्ये जॉन वेनने वेगळी आकृती मांडली. तिच्यात सगळे कप्पे आधीच आखलेले असतात आणि जो रिकामा असल्याचं कळतं तो छायांकित करतात, त्यामुळे रिकामं वर्तुळही दाखवता येतं. आधुनिक तर्कशास्त्र "सर्व" वरून "काही" काढू देत नाही. या प्रकारच्या परीक्षांत मात्र प्रत्येक वर्तुळात निदान एक जण आहे असं धरूनच चालतात. प्रश्न १ मधला (३) सुद्धा त्याच आधारावर निघाला होता.

(२) मोडायला शिंपल्यांचा एक तुकडा नाण्यांबाहेर काढा. (३) मोडायला सगळे शिंपले नाण्यांच्या आत ढकला. दोन्ही जमलं. आणि हे दोघं तर प्रश्न २ नंतर सांगितलेली दुसरी जोडी आहेत : तेच शब्द, तोच क्रम. उत्तर : (१), आणि (२) किंवा (३) पैकी एक.